नागपूरच्या उन्हात पाइप सरळ ठेवायचा तर

महाल भागातल्या एका जुन्या घरात कूलरची विजेची लाइन नव्याने ओढायचं काम फेब्रुवारीत आलं. घराची पश्चिमेची भिंत पार मोकळी, दुपारी बारानंतर सूर्य मावळेपर्यंत ऊन तिच्यावरच. त्या भिंतीवर आधीच्या कोणीतरी बसवलेला पीव्हीसी पाइप होता आणि तो इकडून तिकडे सापासारखा वळवळत गेला होता. पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या दोन सॅडलांच्या मध्ये कुठे वर, कुठे खाली, कुठे भिंतीपासून चांगला तीन सेंटिमीटर सुटलेला. दोन पाइप जोडणाऱ्या एका कपलरमधून पाइपचं तोंडच बाहेर आलं होतं आणि आतल्या वायरी उघड्या दिसत होत्या.

घरच्या काकू म्हणाल्या, "काहून रे भाऊ, लावला तेव्हा तर एकदम सरळ होता न. पहिल्याच उन्हाळ्यात असा झाला."

काकूंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. हिवाळ्यात लावलेला पाइप हिवाळ्यात सरळच दिसतो. पीव्हीसी तापला की वाढतो, आणि लोखंडाच्या मानाने पाच-सहापट जास्त वाढतो. एक मीटर पाइप एका अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण फेब्रुवारीतल्या सकाळी पाइप वीस-बावीस अंशांवर असतो आणि मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात त्याला हात लावला तर चटका बसतो, म्हणजे तो साठच्या आसपास गेलेला असतो. चाळीस अंशांचा फरक धरला तर दर मीटरला २.८ मिमी वाढ. या भिंतीवरचा सरळ पल्ला ७.४ मीटरचा, म्हणजे एकूण दोन सेंटिमीटर. हे दोन सेंटिमीटर कुठे जाणार? जुन्या पाइपचे सगळे कपलर सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवलेले होते आणि सॅडलचे स्क्रू पाइप चेपेपर्यंत आवळलेले होते. सरकायला जागा नाही म्हटल्यावर पाइपने फुगायचा रस्ता धरला.

यातली खरी मेख अशी की थोड्याशा वाढीने फुगवटा मात्र मोठा येतो. जुनी सॅडलं साधारण सव्वा-सव्वा मीटरवर होती. नुसत्या एक मीटर अंतरातही पाइप दोन्हीकडून जखडला आणि तो पावणेतीन मिमी वाढला, तर मधोमध तीन सेंटिमीटरहून जास्त बाहेर येतो. अंतर साठ सेंटिमीटर केलं तर वाढ पावणेदोन मिमीच होते, तरी फुगवटा जवळपास दोन सेंटिमीटर येतो. म्हणून नुसती सॅडलं जवळजवळ मारून हा प्रश्न सुटत नाही. साठ सेंटिमीटरचा नियम आहे आणि तो पाळायचाच, पण तो पाइप लोंबू नये म्हणून. उन्हाची वाढ मात्र कपलरमध्येच जिरवावी लागते.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इलेक्ट्रिकल स्पेसिफिकेशनमध्ये लोखंडी पाइपला एक मीटरपर्यंत अंतर चालतं, पीव्हीसीला साठ सेंटिमीटर सांगितलं आहे. कपलर, बेंड अशा फिटिंगच्या दोन्ही बाजूंना त्याहून जवळ, तीस सेंटिमीटरवर सॅडल हवं. आमच्यातले बरेच जण लोखंडी पाइपचं मीटरभराचं माप डोक्यात ठेवून पीव्हीसीलाही तेच लावतात. सावलीतल्या भिंतीवर निभावून जातं, इथे नाही.

रस्ता असा ठरला. हॉलमधल्या बोर्डाच्या मागून भिंतीला भोक पाडून बाहेर जंक्शन बॉक्स. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवलं, म्हणजे पावसाचं पाणी बोर्डाकडे यायला नको. तिथून छज्ज्याखालून आडवा ७.४ मीटर. मग मागची खोली सव्वा मीटर पुढे आलेली आहे, तिथे आतला कोपरा. त्या खोलीच्या बाजूने सव्वा मीटर गेलं की बाहेरचा कोपरा, आणि तिथून खिडकीशी कूलरचा बॉक्स. दोन बॉक्सांच्या मध्ये दोनच काटकोन. त्याहून जास्त ठेवले की वायर ओढताना घाम निघतो आणि इन्सुलेशन घासतं, म्हणून तिसरा वळसा येत असेल तर मी मध्ये बॉक्सच टाकतो.

सामान इतवारीतून आणलं. २५ मिमीचा मीडियम, म्हणजे मधल्या जाडीचा पाइप, तीन मीटरच्या लांब्या, पांढरट रंगाचा. काळा पाइप उन्हात आणखी तापतो. कपलर निवडताना मात्र दुकानदाराला थोडा त्रास दिला. नेहमीचा कपलर उथळ असतो, मला दोन्हीकडून किमान तीस मिमी खोल हवा होता. काउंटरवरच पाइपचा तुकडा घालून पेन्सिलीने खूण करून पाहिलं. सॅडल स्पेसरवालं घेतलं, म्हणजे खाली पाच मिमीची पट्टी आणि वर कमान. हा स्पेसर नसला तर पाइप भिंतीला चिकटतो, बॉक्सचं भोक मात्र भिंतीपासून थोडं सुटलेलं असतं, आणि मग प्रत्येक बॉक्सजवळ पाइपला कमर मोडून आत जावं लागतं.

आधी लाइन मारली. छज्जा सरळ आहे असं धरून त्याच्यापासून माप घेणं मी कधीच करत नाही, जुन्या घरात तर नाहीच. लेव्हल ट्यूबने दोन टोकांना पाण्याची खूण घेतली आणि निळीचा दोरा ताणून फटका मारला. मग सॅडलांची वाटणी. पोऱ्याने टेप लावून बॉक्सपासून साठ, साठ, साठ अशा खुणा करायला घेतल्या होत्या, त्याला थांबवलं. तसं केलं की शेवटी कोपऱ्याजवळ वीस सेंटिमीटरचं एक उरलंसुरलं अंतर राहतं आणि सगळ्या भिंतीत नजर तिथेच जाते. आधी दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटरवर एकेक सॅडल पक्कं करायचं. ७४० मधून ३० गेले, उरले ७१०. त्याला ६० ने भागलं तर ११.८ येतात, म्हणून बारा भाग करायचे. प्रत्येक भाग ५९ सेंटिमीटर २ मिमी, सॅडलं तेरा. टेप एकदाच ताणून सगळ्या खुणा मारायच्या. प्रत्येक वेळी मागच्या खुणेपासून मोजलं की दोन-दोन मिमीची चूक शेवटपर्यंत साचत जाते.

आता कपलर. तीन मीटरच्या अख्ख्या लांब्या लावल्या असत्या तर दुसरा कपलर सॅडलला जवळजवळ भिडला असता, आणि सरकणाऱ्या कपलरला तर आजूबाजूला मोकळी जागा हवीच. म्हणून पहिली लांबी अठरा-एकोणीस सेंटिमीटरने आणि दुसरी चार सेंटिमीटरने कमी केली. आता दोन्ही कपलर दोन सॅडलांच्या बरोबर मध्ये येतात आणि दोन्ही बाजूंचं सॅडल तीस सेंटिमीटरच्या आतच राहतं. पाइप कापल्यावर तोंडाची आतली धार चाकूने मारून घेतली. ती तशीच राहिली तर वायरीचं साल निघतं.

ड्रिलिंगला जुन्या भिंतीत फार जपावं लागतं. बाहेरचं प्लास्टर वीसेक मिमी जाड होतं. स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती साधी गिट्टी पस्तीस मिमीची. ती प्लास्टरच्या तोंडाशी बसवली तर अर्ध्याहून जास्त प्लास्टरमध्येच राहते, आणि स्क्रू आवळला की प्लास्टरचा पोपडा घेऊन बाहेर येते. म्हणून सहा मिमीच्या बिटने साठ मिमी खोल भोक पाडलं, बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण केली आणि गिट्टी प्लास्टरच्या पलीकडे विटेत ठोकली. स्क्रूही त्यामुळे लांब, पन्नास मिमीचा लागला. भोकातून काय गळतंय ते पाहत राहायचं. आधी करडी भुकटी येते, मग लाल. लाल आली म्हणजे वीट. करडी किंवा पांढरीच येत राहिली आणि बिट एकदम आत गेलं, तर सांधा लागला, आणि जुन्या चुन्याच्या सांध्यात गिट्टी फिरत राहते, पकडत नाही. तेव्हा सॅडल बाजूला सरकवून वाटणी बिघडवायची नाही. लाइनीच्या वर-खाली हलवायचं तर त्याहून नाही. भोक मोठं करून त्यात सिमेंट भरायचं, दुसऱ्या दिवशी त्यातच नवीन भोक. पोऱ्याला हे पटत नव्हतं. "एक सॅडल ढिलं राह्यलं तर काय होते जी?" असं त्याचं म्हणणं. एरवी काही होत नाही, पण तेच सॅडल पाइप जखडायचं असेल तर सगळी सरकण्याची योजनाच फसते.

ती योजना अशी. प्रत्येक लांबी एकाच ठिकाणी घट्ट धरायची आणि बाकीच्या सॅडलांमधून तिला सरकू द्यायचं. पहिला पाइप बॉक्समध्ये चिकटवलेला, म्हणजे तो तिथे पक्का. तिसऱ्याला आतल्या कोपऱ्याचा वाक आहे, त्याला वाकाजवळच्या सॅडलमध्ये घट्ट केलं, नाहीतर तो वाढून समोरच्या भिंतीवर दाबला जाईल. मधल्या पाइपचं दुसरं सॅडल घट्ट केलं. ते बरोबर मधलं का नाही, तर पहिला पाइप पावणेतीन मीटर पूर्ण आपल्या बाजूला वाढून येतो, तिसरा जेमतेम दीड मीटर. मधला पाइप थोडा अलीकडे धरला की दोन्ही कपलरांवर सारखाच भार येतो, साधारण साडेदहा मिमी.

कपलरला एका बाजूने सॉल्व्हेंट लावलं, दुसरी बाजू कोरडी ठेवली. कोरड्या बाजूला पाइप मधल्या अडणीपर्यंत नेऊन टेकवला आणि बारा मिमी मागे ओढला. ही बारा मिमीची जागा फेब्रुवारीतल्या थंड पाइपासाठी. हेच काम मेमध्ये भर दुपारी केलं असतं तर दोन-तीन मिमीच सोडले असते, कारण तेव्हा पाइप आधीच वाढलेला असतो आणि पुढे हिवाळ्यात तो आखडून कपलरबाहेर निघायची भीती जास्त. कोरड्या सांध्यात थोडं सिलिकॉन ग्रीस फिरवलं, वर छज्जा आहेच. ज्या भिंतीवर पावसाची झड थेट येते तिथे मी हा कोरडा सांधा ठेवत नाही, तिथे रबर रिंगवालं एक्स्पान्शन कपलर शोधावं लागतं. दोन्ही कपलरांच्या काठापासून वीस मिमीवर पाइपवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली.

सॅडल किती आवळायचं, हे हातालाच कळतं. स्क्रू पूर्ण बसला पाहिजे, पण पाइप पकडून पिळला तर सॅडलात फिरला पाहिजे. फिरला नाही तर अर्धा पिळ मागे. ड्रिलमशीनने स्क्रू आवळणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही की कमान चपटी झाली आहे. सॅडलांचे शेवटचे पिळ मी हातानेच देतो.

आतल्या कोपऱ्याला रेडिमेड बेंड न लावता पाइपच वाकवला. रेडिमेड बेंडला दोन्हीकडे सॉकेट असतं, दोन सांधे वाढतात आणि ओळ जाडसर दिसते. वाक पाइपच्या आत स्प्रिंग घालून काढायचा, पण स्प्रिंग पाइपच्या जातीचीच हवी. मीडियमची स्प्रिंग हेवीत जात नाही, आणि हेवीची मीडियममध्ये सैल पडते, मग पाइप वाकताना पोटाला चपटा होतो. नियमात वाकाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी नको असं आहे. जागा असेल तिथे मी दहा घेतो, वायर लोण्यासारखी जाते.

वाक कुठून घ्यायचा याचा हिशेब एकदा समजला की आयुष्यभर कामी येतो. स्पेसर पाच मिमी आणि पाइपची अर्धी जाडी साडेबारा, म्हणजे पाइपचा मध्य भिंतीपासून अठरा मिमीवर. त्रिज्या शंभर. म्हणजे वाक सुरू व्हायला हवा कोपऱ्यापासून ११८ मिमी अलीकडे. वाकातल्या पाइपची लांबी त्रिज्येच्या दीडपटीहून थोडी जास्त, १५७ मिमी. तिची अर्धी ७८. एकशे अठरातून अठ्ठ्याहत्तर गेले, राहिले चाळीस. थोडक्यात, कपलरपासून कोपऱ्यापर्यंत टेपने माप घ्यायचं, त्यातून चाळीस मिमी वजा करायचे आणि तिथे पाइपवर खूण करायची. वाकाचा मध्य तोच, स्प्रिंगचाही मध्य तिथेच यायला हवा. स्प्रिंगला दोरी बांधून आत सोडली आणि दोरीवरच अंतराची गाठ मारली.

सकाळी थंड पाइप वाकवू नये, पांढरी रेघ उमटते आणि कधी कडकन मोडतो. लांबी दुपारपर्यंत उन्हात ठेवली, नागपुरात याला शेकोटी लागत नाही. मग जुनं फडकं वाकाच्या जागी जोरात घासलं आणि गुडघ्यावर घेऊन हळूहळू, हात थोडे थोडे सरकवत वाकवला. एका दमात ओढला की एकाच जागी घडी पडते. काटकोनाच्या पुढे, शंभर-एकशेपाच अंशांपर्यंत नेला आणि तिथे थोडा वेळ धरून ठेवला. सोडल्यावर तो स्वतःच मागे येऊन काटकोनावर थांबतो. स्प्रिंग काढताना नुसती ओढायची नाही, वेटोळं ज्या दिशेने आवळतं त्या दिशेला पीळ द्यायचा. तिचा घेर कमी होतो आणि ती अलगद सुटते. मेणबत्तीवर किंवा लायटरवर पाइप वाकवणारे बरेच आहेत, पण तिथे पाइप पिवळा पडतो, फोड येतो, आणि आतला खडबडीतपणा वायर ओढल्याशिवाय कळत नाही. ताजा वाक दिवसभरात आणखी थोडा उघडतो, म्हणून लगेच दोन्ही बाजूंना कोपऱ्यापासून १५ सेंटिमीटरवर सॅडलात अडकवला.

बाहेरच्या कोपऱ्यावर काकूंची मागणी होती, "तसाच गोल वाक इथंही घे न." हे होत नाही, आणि का होत नाही ते कागदावर काढून दाखवावं लागलं. आतल्या कोपऱ्यात वाकाला मोकळी जागा असते. बाहेरच्या कोपऱ्यात वाकाच्या पोटात विटेची धार येते. पाइप दोन्ही भिंतींना स्पेसरवर चिकटून जायचा असेल तर शंभरच्या त्रिज्येचा वाक कोपऱ्यात जवळपास तीन सेंटिमीटर आत घुसायला हवा, पंच्याहत्तरचा जवळपास दोन. एक तर धार तासावी लागेल, नाहीतर पाइप भिंतीपासून दोन सेंटिमीटर सुटलेला ठेवावा लागेल. तासलेल्या धारेवर प्लास्टर टिकत नाही. सुटलेला पाइप बोळात जाणाऱ्या सायकलच्या हँडलला अडकतो. अनेक ठिकाणी असे बाहेरच्या कोपऱ्यावर फुगलेले वाक दिसतात, त्यात वायरमनची हलगर्जी असतेच असं नाही, भूमितीच आडवी येते.

इथे इन्स्पेक्शन एल्बो, म्हणजे झाकणवाला काटकोनी जोड लावला. त्याची त्रिज्या अगदी कमी, त्यामुळे तो धारेला लागून बसतो, आणि सॉकेटची जास्तीची जाडी स्पेसरच्या पाच मिमीत मावते. अशा आखूड वळणातून वायर ओढली तर अडकते, पण याला पाठीवर झाकण असतं. ते उघडून वायर हाताने पुढे द्यायची. हाच एल्बो आतल्या कोपऱ्यात लावून काही उपयोग नाही, तिथे झाकण भिंतीकडे जातं आणि स्क्रूला पोचता येत नाही. म्हणून माझ्याकडे ठरलेलं आहे, आत वाक आणि बाहेर एल्बो.

वायर ओढणं पटकन झालं. अडीच चौरस मिमीच्या तीन वायरी, हिरवी अर्थिंगची कूलरच्या बॉडीपर्यंत नेलेली. पाणी आणि पत्रा एकत्र असलेल्या यंत्राला अर्थिंग नसेल तर मी लाइन चालूच करून देत नाही, मग घरचे कितीही म्हणोत.

मे महिन्यात त्याच बोळात दुसरं काम निघालं तेव्हा दुपारी चारच्या उन्हात पाइप पाहून घेतला. कपलरपासून वीस मिमीवर मारलेली पेन्सिलीची रेघ आता अकरा मिमीवर आली होती, दुसऱ्याचीही तेवढीच. ओळ सरळ, फक्त पहिल्या पाइपच्या एका भागात बोटभर उचल दिसत होती. मधल्या काळात भिंतीला रंग दिलेला होता आणि रंगाऱ्याने सॅडलावरून ऑइलपेंटचा जाड हात फिरवून पाइप आणि कमान एकजीव करून टाकली होती. ब्लेडने दोन्ही कडांचा रंग कापला, स्क्रू अर्धा पिळ सैल केला आणि पाइपला थोडा पीळ दिला. टक्‌ असा आवाज आला आणि उचल बसली. उरलेल्या सॅडलांवरचाही रंग ब्लेडने मोकळा केला, आणि काकूंना सांगितलं की पुढच्या वेळी पाइप रंगवायचाच असेल तर डिस्टेंपर लावा, ऑइलपेंट नको.